एसएमएस व कार्डशुल्क: कपात अटळ नाही



बँकेच्या किरकोळ कपाती अटळ असतात, हे एका पत्रलेखकाचे मत ग्राह्य नाही. तिमाही १५ रुपये एसएमएस-शुल्क आणि वार्षिक २०० रुपये कार्डशुल्क धरल्यास, १८ टक्के जीएसटीसह, वर्षाला ३०६ रुपये ८० पैसे जातात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच एसएमएस-शुल्क सरसकट न लावता प्रत्यक्ष वापरानुसार आकारण्यास सांगितले आहे. मूलभूत बचत खात्यावर, म्हणजे किमान शिलकीची अट नसलेल्या खात्यावर, डेबिट कार्डाला वार्षिक शुल्क लागत नाही. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. फसवणूक कळवणारे एसएमएस बंद करण्याऐवजी खातेदारांनी आकारणीचा हिशेब लेखी मागावा, अनावश्यक कार्ड वर्ष संपण्यापूर्वी रद्द करावे आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवावी.

– एक वाचक