‘असा परिवार आहे’ या तीन शब्दांत कोण हरवतं?

आपल्याकडच्या वर्तमानपत्रातली निधनवार्ता वाचली की गेलेल्या माणसाबद्दल फारसं काही कळत नाही, मागे राहिलेल्या पुरुषांची पदं मात्र पाठ होतात. सोसायटीचे माजी चेअरमन कोण, युवा उद्योजक कोण, माजी सरपंच कोणाचे चुलते, हे सगळं व्यवस्थित असतं. गेलेल्या बाईंना मुली किती होत्या, त्या मूळच्या कुठल्या आणि दशक्रिया नेमकी कोणत्या तारखेला, हे मात्र फोन करून विचारावं लागतं. ज्यासाठी निधनवार्ता छापायची, तेवढंच तिच्यात नसतं.

‘दुःखाच्या वेळी एवढी चिकित्सा कशाला’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. मला हा युक्तिवाद मान्य नाही. पारनेर तालुक्यातल्या गावांमध्ये क्वचितच असं घर असेल, ज्यातलं कुणी मुंबई, ठाणे किंवा पुण्यात नाही. दुष्काळानं माणसं बाहेर नेली, ती तिकडेच स्थिरावली. यातली मुंबई-ठाण्याची माणसं दशक्रियेला येतात तेव्हा रात्री निघून माळशेज घाट, आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर असा रस्ता कापून सकाळी पोचतात. त्यांच्यासाठी ती बातमी म्हणजे पत्ता आणि वेळापत्रक आहे. ते चुकलं तर माणूस शेवटच्या कार्याला मुकतो, आणि ते पुन्हा होत नाही.

एक नमुना बघू. खालचा मजकूर मी रचला आहे, नावांच्या जागी अक्षरं घातली आहेत. पण यातलं कुठलंही वाक्य तुम्हाला अनोळखी वाटणार नाही.

“कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या मातोश्री गं. भा. अबक यांचे वृद्धापकाळाने व अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्या अत्यंत धार्मिक, कष्टाळू व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात तीन मुले, सुना, नातवंडे असा मोठा परिवार आहे. सोसायटीचे माजी चेअरमन, प्रगतशील शेतकरी व युवा उद्योजक यांच्या त्या मातोश्री, तर माजी सरपंच यांच्या त्या चुलती होत. दशक्रिया विधी येत्या गुरुवारी सकाळी नदीकिनारी होईल. शोकाकुल : समस्त परिवार व ग्रामस्थ.”

समजा, या घरातली खरी माहिती अशी आहे. बाईंना तीन मुलगे आणि दोन मुली. थोरला मुलगा चार वर्षांपूर्वी वारला, त्याची बायको आणि मुलं याच घरात राहतात. बाईंचा एक भाऊ हयात आहे. मंगळवारी, 11 नोव्हेंबर 2025 रोजी, रात्री दीड वाजता त्या गेल्या. बातमी बुधवारी, 12 तारखेच्या अंकात आली.

आधी नाती बघा. ‘तीन मुले’ म्हणजे काय? तीन मुलगे, की मुलगे आणि मुली मिळून तिघं? मराठीत ‘मुले’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, त्यामुळे तो एकटा वापरला की वाचणारा अंदाज बांधतो. इथे तीन या आकड्यात वारलेला थोरलाही धरला गेला आहे. ‘पश्चात’ म्हणजे मागे, आणि आईच्या आधी गेलेला मुलगा तिच्या मागे कसा राहील? त्याचा उल्लेख जरूर करा, पण ‘दिवंगत’ असं लिहून, वेगळ्या वाक्यात.

याच्या उलट चूक त्याच्या बायकोबाबत होते. मुलगा गेला तरी सून सूनच राहते. म्हणजे बरोबर हिशेब दोन मुलगे आणि तीन सुना असा आहे. हे छापायला दिलं की मजकूर लावणाऱ्याला वाटतं आकडा चुकलाय, आणि तो ‘तीन’चे ‘दोन’ करून टाकतो. जिनं सासूचं आजारपण काढलं असेल, तीच नेमकी कापली जाते. हे टाळायचं असेल तर आकडा न देता तिन्ही सुनांची नावं द्या. नाव सहसा कुणी दुरुस्त करत नाही.

मुली तर मजकुरात नाहीतच. ‘परिवार’ या शब्दात त्या धरल्या आहेत, असं उत्तर मिळतं. मग मुलगे का नाही धरले? ते वेगळे मोजले, त्यांची पदंही दिली. सासरी गेलेल्या मुलीचं नाव देताना तिच्या सासरचं गाव कंसात दिलं की त्या गावातल्या लोकांनाही कळतं की आपल्या सुनेची आई गेली. दोन शब्दांत एक आख्खं गाव वाचक म्हणून मिळतं.

आता माहेर. ही मला या साऱ्यातली सगळ्यात मोठी चूक वाटते. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, कित्येक घरांत पहिलं नावसुद्धा बदलतं. ऐंशी वर्षांच्या बाईंना त्यांच्या माहेरगावात ज्या नावानं ओळखतात, ते नाव निधनवार्तेत कुठेच नसतं. तिच्यासोबत वाढलेली चुलत बहीण तीच बातमी वाचते आणि पान उलटते, कारण तिच्या ओळखीचं तिथे काहीच नसतं. बातमी छापून आली आणि माहेराला कळलीच नाही. म्हणून ‘माहेर – अमुक गाव, माहेरचं नाव – अमुक’ हे कंसात हवंच, आणि हयात भाऊ-बहिणींची नावंही हवीत.

‘गं. भा.’ हे दोन ठिपके असलेलं प्रकरणही इथेच मिटवू. गंगा भागीरथी म्हणजे विधवा. पुरुषाच्या नावामागे तो विधुर असल्याची खूण आपण कधीच लावत नाही. एप्रिल 2023 मध्ये ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ शब्द वापरण्याचा विचार राज्याच्या महिला व बालविकास खात्याकडून पुढे आला, तेव्हा एवढी टीका झाली की असा कुठलाही निर्णय झालेला नाही, असा खुलासा मंत्र्यांना करावा लागला. सरकारला जे बोललो ते घरच्या मजकुरात मात्र आपण बिनदिक्कत छापतो. ‘श्रीमती’ पुरे आहे.

हे फक्त आपल्या तालुक्यातलं दुखणं नाही. मार्च 2013 मध्ये इव्हॉन ब्रिल या रॉकेट शास्त्रज्ञ वारल्या. उपग्रह आपल्या कक्षेत टिकून राहावेत यासाठीची इंजिन-यंत्रणा त्यांनी शोधली होती, आणि त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या मृत्युलेखाची सुरुवात मात्र त्यांच्या हातच्या एका मांसाहारी पदार्थाच्या कौतुकानं झाली, आणि नवऱ्याच्या नोकरीमागे त्या कशा गावं बदलत गेल्या ते पुढे आलं. वाचक चिडले, आणि वर्तमानपत्रानं ऑनलाइन आवृत्तीतलं पहिलं वाक्य बदलून त्यात शास्त्रज्ञ हा शब्द आणला. म्हणजे छापून आलेला मजकूरही बदलतो, कुणीतरी चूक दाखवली तर. आपल्याकडे तो छापण्याआधी घरातल्या सात-आठ जणांच्या मोबाइलवर फिरतो, तरी कुणी बोलत नाही.

आता तारीख. ‘येत्या गुरुवारी’ हे शब्द लिहिले मंगळवारी, वाचले बुधवारी. बुधवारी वाचणाऱ्याचा येता गुरुवार म्हणजे उद्याच, 13 नोव्हेंबर. लिहिणाऱ्याच्या मनात होता 20 नोव्हेंबर. वार आणि तारीख दोन्ही दिली तर एक चुकलं तरी दुसऱ्यावरून शंका येते आणि माणूस फोन करतो. एकटा वार ही सोय देत नाही.

पण 20 तरी बरोबर आहे का? दहावा मोजताना निधनाचा दिवस हाच पहिला दिवस. त्यामुळे दहावा काढायला तारखेत नऊ मिळवायचे आणि तेराव्यासाठी बारा. दहा मिळवले की एक दिवस पुढे जातो. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ही चूक चांगली ओळखीची आहे. 11 तारीख पहिली धरली तर दहावा 20 नोव्हेंबर, गुरुवार. मात्र बाई गेल्या रात्री दीडला. मोबाइलमधली तारीख मध्यरात्री बदलते, पंचांगातला दिवस सूर्योदयाला. रात्रीच्या निधनाला आधीचा दिवस धरायचा की नंतरचा, यावर वेगवेगळी मतं आहेत आणि रिवाजही वेगळे आहेत. त्यामुळे हे आपण घरी बसून ठरवायचं नाही, कार्य करणाऱ्या गुरुजींना विचारायचं. समजा, त्यांनी सोमवार हा पहिला दिवस धरला. मग दहावा येतो बुधवारी, 19 नोव्हेंबरला, आणि तेरावा शनिवारी, 22 नोव्हेंबरला. म्हणजे गुरुवार हा मुळातच चुकीचा होता. मुंबईहून निघालेला भाचा एकतर सहा दिवस आधी पोचला असता, नाहीतर एक दिवस उशिरा.

जागेचंही तसंच. ‘नदीकिनारी’ हे गावातल्या माणसाला पुरतं, बाहेरच्याला नाही. घाटाचं नाव, गाव आणि तालुका लिहा. एकाच नावाची गावं जिल्ह्यात दोन-दोन असतात, त्यामुळे ‘ता. पारनेर’ ही पाच अक्षरं वाचवू नका.

आता हाच मजकूर पुन्हा लिहू.

“श्रीमती अबक (वय 82, माहेर – गाव, माहेरचे नाव) यांचे मंगळवार, 11 नोव्हेंबर 2025 रोजी मध्यरात्रीनंतर निधन झाले. त्यांच्या मागे मुलगे (दोन नावे), मुली (दोन नावे, कंसात सासरचे गाव), सुना (तीन नावे), जावई, भाऊ (नाव), नातवंडे आहेत. थोरले चिरंजीव दिवंगत (नाव) यांचे पूर्वीच निधन झाले आहे. दशक्रिया : बुधवार, 19 नोव्हेंबर, सकाळी 8 वाजता, (घाट), (गाव), ता. पारनेर. तेरावा : शनिवार, 22 नोव्हेंबर, राहत्या घरी.”

नावं भरली तरी हा मजकूर जुन्यापेक्षा फार मोठा होत नाही. जागा कुठून आली? ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ गेलं. ‘दुःखद’ गेलं, कारण सुखद निधन कुणी छापत नाही. ‘धार्मिक, कष्टाळू व मनमिळाऊ’ गेलं, कारण तेच तीन शब्द शेजारच्या बातमीतही आहेत आणि त्यातून या बाई वेगळ्या कळत नाहीत. पदं गेली. जाहिरातीचे पैसे जागेवर ठरतात, म्हणून ‘मुलींची नावं घातली तर खर्च वाढेल’ असं म्हणणाऱ्यांनी आधी चेअरमनपदाचा खर्च मोजावा.

एक आक्षेप मात्र खरा आहे. गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असतात आणि बाहेरच्याला घर ओळखू येतं ते कुणा एका माहितीतल्या माणसामुळे. हे मी मान्य करतो. मग तो एक माणूस ओळखीपुरता ठेवा, त्याच्या नावापुढे दोन शब्दांत. पण एकच. चारही भावांची, चुलत्यांची पदं आली की ती ओळख राहत नाही, तो फ्लेक्स होतो. आणि फ्लेक्स चौकात आधीच लागलेला असतो.

मजकूर तयार झाला की तो घरातल्या थोरल्या मुलीला किंवा सुनेला मोठ्यानं वाचून दाखवा. कोण राहिलं हे तिला लगेच कळतं, कारण सगळ्यांना फोन तीच करत असते. तिनं ‘हे बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय तो वर्तमानपत्राकडे पाठवू नका.