धानाचा एकच आकडा नको

सप्टेंबर संपत आला की जिल्हाधिकाऱ्यांना एका प्रश्नाचे उत्तर हवे असते: यंदा धान किती होईल? त्यावर बारदाना, गोदामे, खरेदी केंद्रे आणि पीक बुडालेच तर मदतीची तयारी अवलंबून असते. माझ्या मते, जिल्ह्याच्या अर्थतज्ज्ञाने या प्रश्नाला एकच आकडा देऊन मोकळे होऊ नये.

चामोर्शीसारखा तालुका घ्या. तलावाचे पाणी मिळणारी बांधी आणि केवळ पावसावरची बांधी शेजारी शेजारी असतात. रोवणी दोन्हीकडे झाली, तरी धान गर्भात असताना आणि निसवताना पाणी तुटले की कोरडवाहू बांधीत दाणे पोचट राहतात. हंगामाची एकूण बेरीज हे सांगत नाही. २०२३ मध्ये देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला, पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

हिशेब समजावा म्हणून काही आकडे गृहीत धरू. १० हजार हेक्टर धानापैकी ४ हजार हेक्टरला तलावाचे पाणी आहे आणि तिथे हेक्टरी २५ क्विंटल, म्हणजे १ लाख क्विंटल होतात. उरलेल्या ६ हजार हेक्टरवर पाऊस वेळेवर आला तर हेक्टरी २२, नाही आला तर १२ क्विंटल. एकूण उत्पादन २ लाख ३२ हजार किंवा १ लाख ७२ हजार क्विंटल. फरक ६० हजार क्विंटलचा, म्हणजे ४० किलोच्या दीड लाख पोत्यांचा. अहवालात नुसती २ लाख २ हजार ही सरासरी लिहिली, तर चांगल्या वर्षी बारदाना कमी पडेल आणि वाईट वर्षी संकट वेळेत दिसणार नाही.

पुढे पीक कापणी प्रयोग होतात, पण तेही अंदाजच असतात. १० बाय ५ मीटरच्या तुकड्यातले धान तोलले जाते. हेक्टरात असे २०० तुकडे बसतात, म्हणून वजनात एका किलोची चूक हेक्टरी दोन क्विंटलची होते. धान ओले तोलले तर आकडा फुगतो. प्रयोग वाढवले की योगायोगाने येणारी चूक घटते. पण रस्त्यालगतच्या चांगल्या बांध्याच निवडल्या, तर कितीही प्रयोग केले तरी आकडा चढाच राहतो. बांधी चिठ्ठी टाकून निवडली होती का, धान वाळवून तोलले का, हे जिल्हाधिकाऱ्यांनी विचारायलाच हवे.

म्हणून अहवालात तीन गोष्टी असाव्यात: खालचा आणि वरचा आकडा, ते कोणत्या पावसावर अवलंबून आहेत, आणि अंदाज पुन्हा कधी तपासणार ती तारीख. बारदान्याची तजवीज वरच्या आकड्याने करावी, मदतीची खालच्या. असा अहवाल कमी ठाम वाटेल, पण निर्णय घ्यायला तोच उपयोगी पडेल.