आरसा उलटा लागू द्या

नऊ वर्षांच्या मुलाला पेरिस्कोप करून देऊ नये. तो त्याला चुकत चुकत करू द्यावा, असे माझे मत आहे. हे मत काशीच्या संकठा घाटावर बनले.

सुट्टीत मावशीकडे गेलो होतो. घाटाचे तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळी गंगेपलीकडचे ऊन थेट पायऱ्यांवर येते. नऊ वर्षांच्या मावसबहिणीला आणि तिच्या मैत्रिणीला मी एकेक आरसा दिला. सावलीतल्या भिंतीवर खडूने फुली काढली आणि म्हणालो, कवडसा हिच्यावर आणा. दोघींचाही कवडसा फुली ओलांडून पळाला. आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट किरण फिरतो. दहा मीटरवरच्या भिंतीसाठी आरसा 5 अंश फिरला, तर कवडसा जवळजवळ पावणेदोन मीटर सरकतो. हे मी सांगितले नाही. थोड्या वेळाने त्या आरसा बोटाने हलकेच ढकलू लागल्या.

मग मी मध्ये उभा राहिलो. कवडसा माझ्या शर्टावर अडला. बहिणीने मैत्रिणीला बाजूला उभे केले, कवडसा तिच्या आरशावर टाकला आणि तिथून फुलीवर वळवला. प्रकाश सरळ जातो, त्याला वळवायला आरसा लागतो. पेरिस्कोप म्हणजे एवढेच.

दुपारी पुठ्ठ्याचे दोन खोके केले: 7 सेंटिमीटर रुंद, 40 लांब. आरसा 45 अंशांत तिरका बसतो, म्हणून तो 10 सेंटिमीटर लांब घेतला. मैत्रिणीचे खोके मी घाईने स्वतःच जुळवून दिले. कठड्याआडून तिला नाव दिसली. पण आरसे असेच का, हे तिला सांगता आले नाही.

बहिणीने दोन्ही खिडक्या एकाच बाजूला कापल्या आणि वरचा आरसाही तसाच लावला. ''दादा, नदी नाही, मागच्या पायऱ्या दिसतायत. त्याही उलट्या!'' मी हात आवरला. तिने घरी अंधाऱ्या खोलीत खालच्या खिडकीतून टॉर्च मारला. उजेड वरच्या खिडकीतून तिच्याच डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेला. तिने समोरच्या बाजूला नवी खिडकी कापली आणि वरचा आरसा खालच्याला समांतर केला. दुसऱ्या सकाळी तिला नाव दिसली, तीही सरळ. का, ते तिने मैत्रिणीला टॉर्च मारून दाखवले.

नंतर तिने खोके दुप्पट लांब केले, तर दृश्य चिंचोळे झाले. ''पाणबुडीत मग कसं दिसतं?'' त्या लांब नळीत भिंगेही असतात, हे मी तेव्हा सांगितले. प्रश्न तिचा होता, म्हणून उत्तर तिला हवे होते.

पालकांनी तीन गोष्टी मात्र आधीच सांगाव्यात: आरशाच्या कडांना चिकटपट्टी लावा, पेरिस्कोपमधून सूर्याकडे पाहू नका आणि कवडसा नावाड्याच्या डोळ्यांवर मारू नका. बाकीच्या चुका मुलांच्या मुलांनाच सापडू द्याव्यात.