छतावरचे डाग आणि रिकामा पोटमाळा

घर विकत घेताना सातबारा, नमुना आठ आणि बोजाची नोंद पाहिली जाते. कर्ज काढायचे असल्यास बँकेचा मूल्यांकनकारही येऊन जातो. मात्र मूल्यांकनकार घराची किंमत ठरवतो, त्याचे छप्पर उकरून पाहत नाही. ते काम तपासनीस अभियंत्याचे. त्याचे टिपण कसे असते आणि ते कसे वाचावे, हे एका उदाहरणावरून समजून घेता येईल.

सेलू तालुक्यातील देवगाव फाटा येथे एक व्यापारी जुने घर घेऊ पाहत आहेत, अशी कल्पना करू. पुढे दुकान, मागे ३० फूट लांब व २० फूट रुंद राहते घर. वर दुपाखी पत्रे, खाली सागवानी तक्तपोशी आणि दोहोंच्या मधे पोटमाळा. तक्तपोशीवर तीन ठिकाणी तपकिरी डाग आहेत. चैत्र-वैशाखात दुपारी या घरात बसवत नाही, असे शेजारी सांगतात. अभियंता पोटमाळ्यावर चढून सारे पाहतो आणि खरेदीदारास टिपण देतो. त्याचा मजकूर असा :

‘शेठजी, सप्रेम नमस्कार. आपण विचारले होते की एवढ्या उंच छताचे घर इतके का तापते. त्याचे कारण पोटमाळ्यात दिसते, किंबहुना तेथे काहीच दिसत नाही, हेच ते कारण आहे. पूर्वी या घरावर माळवद होते. तक्तपोशीवर सुमारे अर्धा फूट पांढऱ्या मातीचा थर होता. गळती आणि दरवर्षीची माती चढवण्याची कटकट टाळण्यासाठी कोणीतरी ती माती उतरवून पत्रे घातले. पाण्याचा प्रश्न हलका झाला, पण मातीबरोबर उष्णता अडवणारा थरही गेला आणि त्याच्या जागी काही घातले गेले नाही. उन्हाळ्यातील दुपारी पत्रा ६० अंशांच्या वर तापतो आणि त्याची धग सरळ खालच्या फळ्यांवर पडते.

आता डागांविषयी. पहिला डाग मागच्या भिंतीलगत आहे. तेथे पत्रा भिंतीला मिळतो आणि पन्हळीत पालापाचोळा साचला आहे. या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे १,४०० लिटर पाणी होते. त्यातील निम्मे या पन्हळीत येते. वाट तुंबली की ते पत्र्याखाली उलटते. तेथील एका तुळईच्या टोकात स्क्रू ड्रायव्हर सहज अर्धा इंच रुतला. म्हणजे लाकूड कुजले आहे. दुसरा डाग म्हणजे एका रेषेतील लहान गोल ठिपके. ते पत्र्याच्या हुकांखाली आहेत. हुकांचे रबरी वायसर उन्हाने कडक होऊन फुटले आहेत. शिवाय काही भोके पत्र्याच्या उंचवट्यावर न पाडता खोलगट भागात पाडली आहेत, तेथून तर पाणी वाहतेच. तिसरा डाग स्वयंपाकघरावर आहे, तो पसरट व फिकट आहे. वरच्या पत्र्याला भोक नाही. थंडीच्या रात्री पत्रा गार पडतो, स्वयंपाकाची वाफ फळ्यांच्या फटींतून वर जाते आणि पत्र्याला लागून तिचे थेंब होतात. हा डाग पावसाचा नाही, कोंडलेल्या वाफेचा आहे.

हा माझा अंदाज झाला. खात्रीसाठी प्रत्येक डागाची कड पेन्सिलीने आखून तारीख लिहिली आहे. कोरड्या दिवशी एकाने पोटमाळ्यात विजेरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने छपरावर नळीने पाणी सोडावे. सुरुवात खालच्या कडेपासून करावी, एका जागी १५ मिनिटे पाणी सोडून मगच वर सरकावे. वरून आरंभ केल्यास पाणी सगळीकडे पसरते आणि गळती कोठून झाली ते कळत नाही. पाणी पत्र्याखालून, वाशावरून दोन-चार फूट ओघळत येऊन मग टपकते. म्हणून डागाच्या नेमके वर भोक असेलच असे नाही.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी वीज. पोटमाळ्यातील जुन्या वायरींचे आवरण तडकले आहे आणि एक जोड ठिपक्यांच्या रेषेखालीच आहे. तो भाग आजच बंद करून वायरी नळीतून नव्याने ओढाव्यात. दुसरे पाणी. पन्हळ साफ करून तिला उतार द्यावा, भिंतीचा सांधा पत्र्याच्या पट्टीने झाकावा, हुकांचे वायसर बदलावेत, खोलगट भागातील भोके बुजवावीत. तिसरे लाकूड. कुजलेल्या तुळईला आधी खालून टेकू द्यावा, मग टोक बदलावे. त्याच वेळी वाळवीही पाहावी, कारण ओल्या लाकडाला ती आधी लागते. चौथे हवा. दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळीचे झरोके ठेवावेत आणि स्वयंपाकघराची वाफ पंख्याने थेट बाहेर काढावी. एक पावसाळा जाऊ द्यावा. पेन्सिलीच्या रेषेबाहेर डाग गेला नाही, तर पाचवे काम करावे : तक्तपोशीवर दोन इंच जाडीची काचलोकर अंथरावी. या क्षेत्रासाठी तिचे वजन ७० किलोच्या आतबाहेर होईल. पूर्वीची माती बारा-तेरा टन होती, म्हणजे तुळयांवर भार पडण्याची चिंता नाही. रंगकाम अगदी शेवटी.

अनेकजण हा क्रम उलटा करतात. उन्हाचा त्रास रोजचा, म्हणून काचलोकर आधी घालतात. ती भिजली की उष्णता अडवत नाही. उलट ओल धरून ठेवते, खालचे लाकूड न दिसता कुजते आणि तडकलेल्या वायरी झाकल्या जाऊन अधिक तापतात. तोवर यंदाच्या उन्हाळ्यापुरता पत्र्यावर पांढरा, ऊन परतवणारा रंग द्यावा, तो पाण्याच्या कामाआड येत नाही. आपला, तपासनीस.’

हे टिपण वाचताना खरेदीदाराने पहिल्या तीन कामांचा खर्च वेगळा काढावा. ती कामे टाळता येण्याजोगी नाहीत, म्हणून तो खर्च घराच्या किमतीतून वजा मागणे रास्त ठरते. झरोके आणि काचलोकर या सुखसोयी आहेत, त्यांचा भार खरेदीदाराने स्वतः उचलावा. बोलणी इसारपावती होण्यापूर्वी करावीत, खरेदीखतानंतर नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि सामान्य दक्षतेने त्याला कळू न शकणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगणे बंधनकारक आहे. तथापि डोळ्यांना दिसणारा डाग या संरक्षणात बसणे अवघड. जो डाग दिसत होता, त्याची चौकशी खरेदीदारानेच करायला हवी होती, असे उत्तर मिळते.

आणि सगळे जुने घर मळकट असताना केवळ एकाच खोलीची तक्तपोशी नुकतीच रंगवलेली आढळली, तर त्या रंगाचे कौतुक न करता शिडी मागवावी आणि पोटमाळ्यातून त्या फळ्यांची वरची बाजू पाहावी. तेथे कोणी रंग दिलेला नसतो.