थट्टेच्या आड दडलेला अवमान

पत्नीच्या वाढलेल्या वजनावर, सावळ्या वर्णावर किंवा नेसण्यावर चार माणसांत शेरा मारणे, याला आपल्या घरांत बहुधा थट्टाच समजले जाते. ‘लग्नातला फोटो बघा आणि आता बघा’ या वाक्यावर पाहुणे हसतात, तीही हसते. एकदा उच्चारलेले असे वाक्य विसरता येते. मात्र दोन बाळंतपणांनंतर तेच वाक्य दर आठवड्याला कानी पडू लागले, की त्याचे स्वरूप बदलते.

हा बदल सावकाश घडतो. प्रथम ती नवी साडी घेताना ‘हे यांना आवडेल का?’ असे मनाशी विचारते. पुढे स्वतःची निवडच सोडून देते. मग समारंभात छायाचित्राच्या वेळी मागच्या रांगेत उभी राहते आणि अखेर ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणत घरी थांबते. ज्याच्या मताला ती सर्वाधिक मोल देते, त्याचाच शेरा तिच्या मनातला स्वतःचा आवाज होऊन बसतो. पुढे पती गप्प असला, तरी आरशासमोर तो आवाज बोलतच राहतो.

‘मी तिच्या प्रकृतीसाठीच बोलतो’ हे समर्थन नेहमीचे. त्याची पारख सोपी आहे. प्रकृतीची काळजी असलेला माणूस एकांतात बोलतो, सकाळी बरोबर फिरायला निघतो आणि स्वतःचेही ताट बदलतो. टोमणा मारणाऱ्याला मात्र श्रोते लागतात. ‘मला हे लागते’ असे तिने स्पष्ट सांगितल्यावर बोलणे थांबले, तर ती चूक होती. ‘तुला थट्टाच कळत नाही’ असे उत्तर आले, तर तो अवमान होय.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात अपमान आणि उपहास हे शाब्दिक व भावनिक छळात मोडतात. २००९ साली झालेल्या एका विवाहाच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले, की पत्नी आपल्या अपेक्षेस उतरत नाही असे सतत हिणवणे आणि इतर स्त्रियांशी तिची तुलना करणे ही मानसिक क्रूरताच आहे. अर्थात, एखाद-दुसऱ्या शेऱ्यावरून न्यायालय असा निष्कर्ष काढत नाही. सातत्य दाखवावे लागते. म्हणून कोण, केव्हा, कोणासमोर काय बोलले, याची नोंद ठेवणे शहाणपणाचे.

परंतु प्रत्येक घराने कोर्टाची पायरी चढावी, असे कोणीच म्हणणार नाही. त्याआधीची पायरी घरातच आहे. सासू-सासरे, दीर-नणंदा त्या शेऱ्यावर हसतात, म्हणून तो पुन्हा उच्चारला जातो. घरातील एका वडीलधाऱ्याने त्याच क्षणी ‘हे बोलणे आपल्या घरात चालणार नाही’ एवढे म्हटले, तरी श्रोते हरवलेली ती थट्टा फार काळ टिकत नाही.