मेथीचे लाडू आणि सहा उद्गारचिन्हे

गेल्या मार्गशीर्षात आमच्या शेजारची सून एक कागद घेऊन आली. थंडीत मेथीचे लाडू करून विकावेत असे तिच्या मनात होते. ओळखीच्या घरी वाटण्यासाठी तिने पत्रक लिहिले होते. “काकू, जरा मराठी तपासून द्या,” म्हणाली. मराठी चांगले होते. तपासावे लागले ते निराळेच.

पत्रकात लिहिले होते : “इंदुरातील सर्वोत्तम! शंभर टक्के शुद्ध! आजीच्या हातची पारंपरिक चव! सांधेदुखी व मधुमेह मुळापासून दूर! महिनोन्महिने टिकणारे! साठा मर्यादित, आजच मागवा!”

मधुमेहाचे वाक्य मी प्रथम खोडले. येथे प्रश्न रुचीचा नाही. अमुक वस्तूने मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्याने मनाई आहे. शिवाय गुळाचा लाडू मधुमेह घालवील असे लिहिणे म्हणजे एखाद्या भोळ्या आजोबांना रोज दोन लाडू खायला सांगणे. तिचा चेहरा उतरला. “सगळेच असे लिहितात,” ती म्हणाली. लिहितात खरे, आणि म्हणूनच ते कोणी वाचत नाही. आपल्या गावात ‘शुद्ध देसी घी’ ही पाटी इतक्या दुकानांवर आहे की डोळा तिच्यावर थांबतच नाही.

मग तिने रागारागाने दुसरा मसुदा केला : “मेथीचे लाडू मिळतील. अर्धा किलोचा डबा. भाव अमुक.” यात खोटे काही नव्हते, पण लाडूही नव्हता. अतिशयोक्ती काढू गेले की पुष्कळदा असेच होते. खोट्या विशेषणाबरोबर लिहिणाराचा आनंदही खरवडला जातो.

म्हणून मी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, “अगं, तू हे लाडू करतेस कसे?” तशी ती खुलली. मेथीचे पीठ ती आठ दिवस साजूक तुपात भिजत ठेवते, म्हणजे कडवटपणा बराच मुरतो. डिंक थोडा थोडा तळते, कारण एकदम टाकला तर आत कच्चा राहतो व दाताला चिकटतो. कणीक मंद आचेवर तासभर भाजते. प्रमाण सासूबाईंचे, फक्त साखरेऐवजी गूळ घालते. “आणि काकू, आठव्या दिवशी भांड्याचे झाकण काढले की जो वास येतो ना!” पत्रकात हवे ते हेच होते.

पुढे एकेका शब्दाला आम्ही एकच प्रश्न विचारला : हे तुला कशावरून ठाऊक? ‘इंदुरातील सर्वोत्तम’ हे ठाऊक असणे शक्य नाही. पण ‘मला स्वतःला सर्वांत आवडणारा लाडू’ हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? उत्साह तोच, फक्त तो जगाच्या माथ्यावरून काढून आपल्या नावावर लिहिला. ‘शुद्ध’च्या जागी जिन्नसांची यादी आली, ‘पारंपरिक’च्या जागी सासूबाई आल्या. ‘महिनोन्महिने’ तर कोणी पाहिलेच नव्हते, कारण घरात लाडू तीन आठवड्यांपलीकडे उरत नाहीत.

‘साठा मर्यादित’ मात्र मजेदार निघाले. ती खोटी घाई होती, पण तिच्या पाठीमागे एक खरी घाई दडलेली होती. मेथी भिजायला आठ दिवस लागतात, तेव्हा संक्रांतीला लाडू हवे असतील तर आधीच सांगायला हवे. कारण दिले की घाई पटते.

वाद झाला तो कडवटपणावर. मुरवूनही लाडू किंचित कडू लागतोच. ती ओळ घातली तर गिऱ्हाईक जाईल, अशी तिला धास्ती. माझे म्हणणे, ज्यांना कडू चालत नाही ते पहिल्या डब्यानंतर जाणारच, आणि जाताना चार घरी सांगणार. शिवाय एवढी उणीव आपणहून सांगितली की उरलेल्या ओळींवर वाचणाराचा विश्वास बसतो. सासूबाई आतून म्हणाल्या, “कडू नसेल तो मेथीचा लाडू कसला?” तेथे प्रश्न मिटला.

शेवटी पत्रक असे झाले :

“मेथीचे लाडू. मेथी आठ दिवस साजूक तुपात भिजवून, कणीक मंद आचेवर भाजून, सासूबाईंच्या प्रमाणाने. डिंक, खारीक, खोबरे, गूळ. किंचित कडू लागतात, आणि लागायलाच हवेत! थंडीत मला सर्वांत आवडणारा हा खाऊ. आमच्याकडे तीन आठवड्यांच्या आत संपतो. तोवर चव बदललेली पाहिली नाही. मेथी भिजायला वेळ लागतो, म्हणून दहा दिवस आधी सांगावे.”

सहा उद्गारचिन्हांपैकी एक तिने हट्टाने ठेवून घेतले. ते कोठे आहे हे पाहिल्यावर मीही काही बोलले नाही.