तांदळातले नाव, सातबाऱ्यावरचे नाव

लग्न लागून वरात घरी आली की लक्ष्मीपूजन होते. ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात नाव रेखतो, पेढे वाटले जातात आणि माहेरची सुनंदा सासरची वैशाली होते. नाव बदला असे कायदा सांगत नाही. तांदळातल्या नावाला तो ओळखतही नाही. तरी ते पुढे रेशनकार्डावर, मतदार यादीत, आधारवर चढते.

आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा तिहेरी मामला. सुनंदा गणपत पाटील हिची वैशाली रमेश जाधव झाली की तिन्ही जागा बदलल्या. नुसते आडनाव बदलले असते तर निदान सुनंदा तरी उरली असती. इथे कागदावर दोन वेगळ्या बायका उभ्या राहतात.

आनंदीबाई जोशी मूळच्या यमुना. 1886 मध्ये त्यांना अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळाली ती सासरच्या नावावर, आणि कोणी हरकत घेतली नाही. लग्नाच्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या. यमुनेच्या नावे अडणारा कागदच नव्हता. आजची नवरी मात्र शाळेचा दाखला, पदवी, बँकेचे खाते घेऊनच बोहल्यावर चढते.

खरी कसोटी लागते ती वडील गेल्यावर. वारसनोंदीचा अर्ज भाऊ करतो. त्याच्या तोंडी माहेरचेच नाव, म्हणून फेरफारात आणि पुढे सातबाऱ्यावर ‘सुनंदा’ लागते. काही वर्षांनी बहीण हिस्सा मागायला किंवा विकायला जाते तेव्हा हातातल्या आधारकार्डावर असते वैशाली. मग शाळा सोडल्याचा दाखला शोधा, लग्नपत्रिका शोधा, दोन्ही नावांची बाई मीच म्हणून प्रतिज्ञापत्र करा. वाद नसेल तर एवढ्यावर भागतेही. पण प्रतिज्ञापत्र म्हणजे शेवटी तिचेच म्हणणे. भाऊबंदांनी हरकत घेतली की ते लंगडे पडते. गंमत अशी की हक्कसोडपत्रावर सही हवी असते तेव्हा याच भावाला सुनंदा आणि वैशाली एकच आहेत याची खात्री असते. हिस्सा मागितला की मात्र ‘ही वैशाली कोण?’

तोड फार अवघड नाही. वारसनोंदीच्या अर्जातच ‘सुनंदा गणपत पाटील ऊर्फ वैशाली रमेश जाधव’ असे लिहावे, सोबत पुरावा जोडावा आणि फेरफार मंजूर होण्याआधी तो वाचून घ्यावा. मंजुरीनंतर दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात दिली तर जुने-नवे नाव एका जागी छापून मिळते, आणि तो कागद जन्मभर उपयोगी पडतो. सुनेचे नाव बदलायची हौस ज्या सासरला आहे, त्याने पेढ्यांबरोबर त्या जाहिरातीचाही खर्च उचलावा. आणि नवरीला आपले नाव आवडत असेल, तर तांदळात तेच लिहायला काय हरकत आहे?